झपतालाची दुगुन म्हणताना हातच पळतो - प्रवेशिका पूर्णच्या प्रात्यक्षिकात आणि लेखीत नेमकं काय पाहतात?

पांदणवाट
नमस्कार मंडळी. आम्ही आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावचे. मुलगी नववीत आहे, गाणं शिकते. गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक आणि प्रवेशिका प्रथम झाली, आता नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात प्रवेशिका पूर्णला बसते आहे. आतापर्यंत नुसती तोंडी आणि गायची परीक्षा होती, या वेळी पहिल्यांदाच लेखी पेपर आहे. तिचे गुरुजी आठवड्यातून दोन दिवस आर्वीला येतात, एरवी घरी मोबाइलवर तानपुरा लावून ती एकटीच बसते. आमच्या घरात दुसऱ्या कुणाला यातलं कळत नाही.

गेल्या रविवारी गुरुजींनी सराव परीक्षा घेतली. बाहेरच्या एका बाईंना परीक्षक म्हणून बसवलं होतं. भीमपलासचा छोटा ख्याल पोरीनं चांगला म्हटला, आलाप केले, चार ताना घेतल्या. मी दाराशी बसून ऐकत होतो, मला वाटलं झालं काम. मग बाई म्हणाल्या, "झपताल हातावर धर, ठाय म्हण आणि दुगुन कर." ठाय बरोबर आली. दुगुन करायला गेली तर बाई म्हणाल्या, "हात का पळवतेस?" पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मध्येच थांबली आणि रडायला लागली. नंतर एक सुरावट ओळखायला दिली, तीही चुकली. लेखीच्या सराव पेपरात तर लाल शाईच लाल शाई.

माझा प्रश्न साधा आहे. ती गाते चांगली, हे त्या बाईंनीही सांगितलं. मग परीक्षक या हातावरच्या तालात एवढं काय पाहतात? आणि घरी तो कसा बसवायचा? कापूस वेचणी सुरू आहे, तिला रोज पाऊण तासाच्या वर वेळ मिळत नाही.

खंजिरीवाले काका
भाऊ, घाबरू नका. मी तीस वर्सापासून भजनी मंडळात हाव, खंजिरी वाजवतो, ढोलकबी वाजवतो. दुगुन म्हणजे लय वाढवणं. भजन कसं संथ सुरू होते अन् शेवटी रंगात आल्यावर दुप्पट चालते, तसंच हाय थे. पोरीले मंडळात आणून बसवा. चार एकादश्या टाळ धरला का आपोआप जमते. हात पळाला तर काही वाईट नाही, लय वाढली म्हणजे हात वाढनारच ना.

सावनी
काका, टाळ धरल्यानं लय पक्की होते हे अगदी खरं आहे आणि भजनातून आलेल्या मुलांचा ताल शहरातल्या मुलांपेक्षा बरा असतो, हे मी अमरावतीकडच्या परीक्षा केंद्रांवर कित्येकदा पाहिलं आहे. पण भजनात शेवटी होते ती द्रुत लय, दुगुन नव्हे. द्रुत लयीत सगळंच जलद होतं, टाळी, ठेका, गाणं. दुगुनीत टाळी आहे तिथेच राहते, हात जराही हलत नाही त्या वेगापासून, फक्त तोंडातले बोल दुप्पट होतात. एका मात्रेत एक बोल होता, तिथे दोन बसतात.

पांदणवाट दादा, परीक्षक नेमकं हेच पाहतो. खरं सांगायचं तर मी मुलाच्या तोंडाकडे बघतच नाही, हाताकडे बघते. तोंडाचे बोल पाठ करता येतात, हात पाठ करता येत नाही. हात स्थिर राहिला म्हणजे लय मुलाच्या आत आहे, बोलांच्या आधारानं उभी नाही. पुढे मध्यमेला याच हातावर चौगुन करायची असते, विशारदला आडलय येते. इथे हात पळत असेल तर पुढचं सगळं डळमळतं, म्हणून त्या बाईंनी तीनदा करायला लावलं असणार.

झपताल मांडून दाखवते. दहा मात्रा, विभाग २-३-२-३. टाळी १, ३ आणि ८ वर, खाली ६ वर.

ठाय: धी ना | धी धी ना | ती ना | धी धी ना

दुगुनीत हेच दहा बोल पाच मात्रांत बसतात:

धीना धीधी | नाती नाधी धीना

म्हणजे एका आवर्तनात ठेका दोनदा येतो. पहिला १ ते ५ मध्ये संपतो, दुसरा ६ पासून सुरू होऊन १० ला संपतो आणि पुन्हा सम. आता तुम्ही मुलीला म्हणायला सांगा आणि बोट ठेवून बघा हात कुठे सुटतो ते. "चुकते" एवढं पुरेसं नाही, कितव्या मात्रेला चुकते ते कळलं पाहिजे.

दहावीचापालक
माझा मुलगा यंदा दहावीत आहे. त्याची तबल्याची परीक्षा झालेली आहे. वाढीव गुण किती मिळतात आणि दुगुन आली नाही तर ते कापले जातात का? कृपया लवकर सांगा, शाळेत प्रस्ताव द्यायचा आहे.

सावनी
दादा, तो विषय वेगळा. शाळेला प्रमाणपत्र लागतं, तुमच्या मुलाची दुगुन कशी झाली हे तिथे कुणी विचारत नाही. कोणत्या परीक्षेला किती गुण ते शाळेच्या मुख्याध्यापकांकडे त्या वर्षीचं परिपत्रक असेल त्यावरच बघा. प्रस्ताव शाळेमार्फतच जातो, तारीख चुकवू नका.

पांदणवाट
सावनीताई, काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. मी कागदावर दहा रेघा ओढल्या आणि ती म्हणत असताना हातासोबत बोट सरकवलं. पहिल्या पाच मात्रा ठीक जातात. सहाव्या मात्रेला हात बाजूला न्यायचा तर ती टाळी देते. एखाद वेळी सहावी बरोबर आली तर आठव्याला टाळी द्यायची विसरते, तिथे हात उलटा पडतो. सात-आठ वेळा करून घेतलं, दर वेळी याच दोन जागा. तिच्या आईनंही पाहिलं. असं का होत असेल?

सावनी
वा, तुम्ही फार उपयोगाचं काम केलंत. आता कारण बघा, ते झपतालातच दडलेलं आहे.

सहाव्या मात्रेला खाली आहे, हात बाजूला जायला हवा. पण त्याच क्षणी तोंडात "धीना" येतं, म्हणजे समेचा बोल. इतके दिवस "धी" म्हटलं की टाळी द्यायची सवय हाताला लागलेली, म्हणून हात टाळी देतो. आठव्या मात्रेला बरोबर उलटं होतं. तिथे टाळी आहे, पण तोंडात "नाती" येतं. "ती" हा खालीचा बोल, तो ऐकला की हात बाजूला जाऊ बघतो. म्हणजे तुमच्या मुलीचा हात मात्रेच्या मागे चालतच नाही, बोलाच्या मागे चालतो. ठायमध्ये दोघं एकाच ठिकाणी असतात म्हणून चूक दिसत नाही, दुगुनीत ती उघडी पडते. त्रितालात हे इतकं जाणवत नाही, कारण सोळा मात्रा सम भागांत आहेत आणि दुगुनीतला प्रत्येक विभाग नीट जुळतो. झपतालाचे २-३ चे तुकडे दुगुनीत विभागाच्या रेघेवर तुटतात, "नाती" हा बोल तर दोन वेगळ्या विभागांतल्या दोन अक्षरांनी बनलेला आहे. परीक्षक झपताल मुद्दाम विचारतो तो यासाठीच.

इलाज असा. दोन-तीन दिवस तिनं बोल म्हणायचेच नाहीत. हातावर ताल धरून नुसते आकडे म्हणायचे, १ ते १०. मग हात तोच ठेवून दुगुनीत आकडे, "एकदोन, तीनचार, पाचसहा...". आकड्यांना खाली-भरी नसते, त्यामुळे हाताला फसायला जागा उरत नाही. हे स्थिर झालं की बोल घाला. सुरुवात एकदम दुगुनीनं नको. दोन आवर्तनं ठाय, एक आवर्तन दुगुन, लगेच पुन्हा ठाय. दुगुनीनंतरच्या ठायमध्ये लय आधीएवढीच राहिली की नाही, तिथे कान ठेवा. बहुतेक मुलं तिथे जलद झालेली असतात. मी परीक्षा घेताना पहिल्या ठायला पायाच्या अंगठ्यानं लय धरते आणि शेवटच्या ठायशी ताडून बघते.

खंजिरीवाले काका
ताई, तुमचं वाचून मी काल खंजिरीवर करून पाह्यलं. हातानं केहरवा धरला अन् तोंडानं दुप्पट म्हटलं. दोन येळा सुटलं मायं. मी मांगं लिहिलं थे लय वाढवन्याचं, ते इथं लागू नाही, मानलं. पण एक सांगतो, आमच्या मंडळातले म्हातारे गडी "ठाय सोडू नको" म्हणत, थे हेच असन. पोरीले मंडळात येऊ द्या, तिचा उपयोग आमालेबी होईन.

तिहाई
मी तबल्याचा, मध्यमा प्रथम झालो, यवतमाळ जिल्ह्यातून. सावनीताई, रूपकचा एक गोंधळ मिटवा. सात मात्रा, ती ती ना | धी ना | धी ना. समेवरच खाली. हातावर पहिल्याच मात्रेला हात बाजूला न्यायचा, हे समजलं. पण लेखीत समेखाली काय लिहायचं? आमचे सर समेची खूण × च लिहायला लावतात, म्हणतात सम ती सम. माझ्या मित्राचे सर ० लिहायला लावतात आणि पुढच्या टाळ्यांना १, २. दोघांनाही गुण मिळालेत.

सावनी
तिहाई, मी स्वतः ० लिहिते, पुढे ४ थ्या मात्रेला १ आणि ६ व्या मात्रेला २. कारण खूण हातावर काय दिसतं ते सांगते आणि तिथे हात खाली दाखवतो. पण × वर खालीचं गोल काढणारेही जाणकार मी पाहिले आहेत, त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत नाही. तुमच्या सरांची पद्धत धरा आणि उत्तरात ओळीवर एक वाक्य लिहा, "रूपकची सम खालीवर आहे." तपासणाऱ्याला कळतं की मुलाला माहीत आहे.

तिहाई
पण मग एकच ठरवून का देत नाहीत? दुगुनही अवघड, साडेतीन मात्रांत बसते, म्हणजे एकदाच करून समेवर यायचं तर चौथ्या मात्रेच्या मध्यापासून उचलावी लागते.

सावनी
हिशेब बरोबर आहे. त्यामुळेच रूपकची दुगुन समेपासून दोनदा म्हणणं सोपं, चौथीच्या मध्यापासून उचलणं तयारीच्या मुलालाच जमतं. एकच खूण का नाही याचं उत्तर माझ्याकडे नाही.

पांदणवाट
ताई, आकड्यांचं सांगितलं तसं केलं. तिसऱ्या दिवशी सहावी मात्रा सुटेनाशी झाली. आठवी अजून दहातून दोनदा चुकते.

आता दुसरी गोष्ट विचारतो. त्या बाईंनी जी सुरावट ओळखायला दिली ती मी पोरीला आठवून म्हणायला लावली आणि गुरुजींना फोनवर ऐकवली. त्यांनी लिहून दिली: म ध नि ध, म ग रे सा, ग आणि नि कोमल. पोरगी म्हणाली भीमपलास. बाई म्हणाल्या नाही. तिला अजूनही पटत नाही, म्हणते "कोमल ग, कोमल नि, दोन्ही आहेत ना, काफी थाट आहे ना." थाट तर बरोबर सांगते, मग चूक कुठे?

सावनी
थाट बरोबर आहे, पण तो इथे उपयोगाचा नाही, कारण बागेश्रीही काफी थाटातलाच. परीक्षक जेव्हा असे दोन जवळचे राग विचारतो, तेव्हा त्याला कोणते स्वर लागतात ते ऐकायचं नसतं, स्वर कसे येतात आणि जातात ते मुलाला ऐकू आलं का हे बघायचं असतं.

तिला एवढंच विचारा: बाई मध्यमावरून धैवताकडे वर गेल्या का? गेल्या. भीमपलासात वर जाताना रे आणि ध येतच नाहीत. नि सा ग म प नि सां असा आरोह आहे, धैवत फक्त उतरताना भेटतो. म ध नि ध असं चढताना ऐकलं आणि मधे पंचमही गाळला, की भीमपलास संपला, बागेश्री सुरू झाला. बागेश्रीत पंचम थोडा, तोही बहुधा उतरताना. तिची सवय थाट ओळखून राग सांगायची आहे, ती सोडायला लावा. गुरुजी येतील त्या दिवशी त्यांनी दोन्ही रागांचे तुकडे सरमिसळ करून आकारात म्हणावेत, स्वरांची नावं न घेता. तिनं राग आधी सांगायचा नाही. "वर जाताना काय सुटलं" एवढंच सांगायचं.

शिवाय हाच मुद्दा तिच्या स्वतःच्या गाण्यात तपासा. भीमपलासची तान सरळ घेताना मुलं सवयीनं सा रे ग म प ध नि सां अशी धावून जातात. आलाप शुद्ध असतो, तानेत राग बिघडतो. परीक्षक तानेचा वेग मोजत नाही, तानेत धैवत चढला का ते ऐकतो.

पांदणवाट
तिला वाचून दाखवलं. गप्प बसली आणि मग म्हणाली, "बाबा, माझ्या दुसऱ्या तानेत ध आहे." सराव परीक्षेत बाईंनी त्याच तानेला मान हलवली होती, मला वाटलं दाद दिली.

लेखीचा पेपरही सांगतो. भीमपलासच्या बंदिशीचं स्वरलेखन विचारलं होतं. तिनं पूर्ण लिहिलं, तरी बरेच गुण गेले. बाईंनी कडेला लिहिलंय, "कोणती पद्धत?" पोरीला कळलं नाही. ती गुरुजींच्या जुन्या वहीतून उतरवते आणि आर्वीहून आणलेलं एक गाइडही वापरते.

सावनी
तिथेच घोळ आहे. जुनी वही पलुस्कर पद्धतीची असणार आणि गाइड भातखंडे पद्धतीचं. दोन्ही बरोबर आहेत, पण एका उत्तरात एकत्र चालत नाहीत, कारण एकच खूण दोन्हीत वेगळं सांगते. भातखंडे पद्धतीत मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू आणि तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू. पलुस्कर पद्धतीत मंद्राच्या स्वरावर बिंदू असतो आणि तारासाठी डोक्यावर उभी रेघ.

आता भीमपलास सुरूच होतो मंद्र निषादापासून. तिनं वहीत पाहून नि वर बिंदू दिला आणि कोमल दाखवायला गाइडसारखी खाली आडवी रेघ मारली. तपासणाऱ्यानं खालची रेघ पाहिली, भातखंडे पद्धत समजली आणि वरचा बिंदू तार सप्तक म्हणून वाचला. म्हणजे पोरीनं खालचा नि गायला आणि कागदावर वरचा लिहिला. तालाच्या खुणांचंही तसंच. भातखंडे पद्धतीत सम ×, खाली ०. पलुस्करांकडे समेला १ आणि खालीला +. तिनं × आणि + एकाच आवर्तनात लिहिलं असेल तर खाली नेमकी कुठे, हे तपासणाऱ्याला सांगताच येणार नाही.

तिला एक पद्धत ठरवून द्या. गुरुजींना विचारा, ते म्हणतील ती. उत्तराच्या पहिल्या ओळीत पद्धतीचं नाव लिहायचं. मग वहीतल्या सगळ्या बंदिशी त्या एका पद्धतीत पुन्हा उतरवायला लावा, मनातून नव्हे, हातावर ताल धरून. बोलाचं अक्षर ज्या मात्रेला येतं त्याच घरात पडलं पाहिजे. नवव्या मात्रेपासून उठणारी त्रितालातली बंदिश मुलं सवयीनं पहिल्या घरापासून लिहायला घेतात आणि सम चुकीच्या अक्षरावर येते. गाताना तीच मुलं सम बरोबर गाठतात.

वर्गशिक्षिका_वणी
मी संगीताची नाही, पण माझ्या मुलीनं मागच्या वर्षी हाच पेपर दिला. तिनं विष्णु दिगंबर पलुस्करांचं चरित्र सुंदर लिहिलं, १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तिथपासून सगळं, दोन पानं. शेवटी ताललिपीला दहा मिनिटं उरली आणि एकताल अर्धाच राहिला. तुमच्या मुलीला सांगा, लिपीचे प्रश्न आधी सोडव, पट्टी घेऊन घरं आधी आखून घे.

खंजिरीवाले काका
पांदणवाट भाऊ, एक इचारतो. पोरगी मंडळाच्या पेटीवर काळी एकला म्हणते का? आमचे सारे गडी काळी एकला म्हणतात. पोरीचा गळा तिथं अंतऱ्यात ताणला जाते, मी ऐकलं हाय असं बाकी पोरींचं.

पांदणवाट
होय जी काका, काळी एकलाच म्हणते, पेटी घरी तीच आहे. मोबाइलवरचा तानपुराही त्यालाच लावून ठेवलाय.

सावनी
काकांनी नेमकं हेरलं. तिला काळी चार किंवा पाचवर बसवून बघा, जिथे मंद्र निषाद ऐकू येतो आणि तार सा ओरडावा लागत नाही ती तिची पट्टी. उंच पट्टीला जास्त गुण नसतात. परीक्षेच्या खोलीत आपली पट्टी आधी सांगायची आणि संवादिनीवाल्यांनी ती दिली की एकदा सा लावून बघायचा, घाई करायची नाही. पट्टी लगेच बदला, आठ दिवस आधी बदलली तर गळा गोंधळतो.

पांदणवाट
आज दुपारी वावरात पोरगी आईच्या शेजारच्या तासावर कापूस वेचत होती. बोंडाला हात घालताना तोंडानं आकडे चालले होते, एकदोन, तीनचार. तिची आई म्हणाली हात वेचण्याच्याच वेगानं चालतो, तोंड मात्र दुप्पट. संध्याकाळी काळी चारला सा लावला, अंतऱ्यात ओरड गेली. पद्धत गुरुजींनी भातखंडे ठरवून दिली, बुधवारपासून वही नव्यानं उतरवायला घेतली आहे, तीन बंदिशी झाल्या. रूपकचं मात्र गुरुजी म्हणाले, ते ० लिहायला लावतात, पण केंद्रावरच्या परीक्षकांना × ची सवय असेल तर? तिहाई, तुमच्या सरांकडून काही कळलं तर इथे टाका.

आठवी मात्रा काल वीसदा म्हटल्यावर एकदा चुकली.